लेआउटमधलं स्केल का बिघडतं, आणि एक लेअर दोन प्लॅनमध्ये वेगवेगळा कसा दाखवायचा

प्रश्न: मी ऑटोकॅडमध्ये सगळं मॉडेल स्पेसमध्येच काढते आणि तिथूनच प्रिंट देते. लेआउटमध्ये व्ह्यूपोर्ट टाकून पाहिले, पण दोन दिवसांनी स्केल बदललेलं असतं. आणि एका प्लॅनमधलं फर्निचर लपवायला लेअर फ्रीझ केला की दुसऱ्या प्लॅनमधूनही जातं. व्ह्यूपोर्ट लॉक करणं आणि VP Freeze एवढं महत्त्वाचं का म्हणतात? नीट पद्धत कोणती?

उत्तर:

तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. व्ह्यूपोर्टमध्ये जे दिसतं ती मॉडेलची नक्कल नसते, खुद्द मॉडेलच असतं. मॉडेल स्पेसमध्ये इमारत एकदाच, पूर्ण मापात काढलेली असते. 18 मीटरची भिंत 18000 मिलिमीटरचीच. पेपर स्पेस म्हणजे प्रत्यक्ष कागद, त्याची मापं कागदाची, आणि व्ह्यूपोर्ट ही त्या कागदाला पाडलेली खिडकी. खिडकीच्या स्वतःच्या मालकीच्या गोष्टी मोजक्याच आहेत. मॉडेलचा कोणता भाग दाखवायचा, तो कितपत लहान करून दाखवायचा आणि त्यातले कोणते लेअर दाखवायचे, एवढ्याच कामाच्या. त्यातलं दुसरं तुमच्या हातून नकळत बदलतंय, आणि तिसरं तुम्ही खिडकीला सांगायच्या ऐवजी मॉडेलला सांगताय.

एक शीट धरून चालू, म्हणजे सगळं समोर राहील. कागद A2, आडवा, 594 × 420 मिलिमीटर. इमारत 18 × 12 मीटर, मॉडेलचं युनिट मिलिमीटर. शीटवर तीन गोष्टी हव्यात: 1:100 ला आर्किटेक्चरल प्लॅन, शेजारी 1:100 लाच विजेचा प्लॅन आणि खाली 1:20 ला टॉयलेटचा डिटेल. 1:100 ला इमारत कागदावर 180 × 120 मिलिमीटर होते, बाहेरच्या डायमेन्शनसाठी जागा धरून 210 × 160 ची खिडकी पुरते. टॉयलेट 2.4 × 1.8 मीटरचं असेल तर 1:20 ला 120 × 90, त्याला 140 × 110 ची खिडकी द्या. उजवीकडे टायटल ब्लॉकला भरपूर जागा उरते.

मॉडेल स्पेसमधून प्रिंट देणाऱ्याला हे शीट काढायचं झालं तर प्लॅनच्या प्रती कराव्या लागतात. एक प्रत आर्किटेक्चरची, एक विजेची, आणि टॉयलेटची एक प्रत पाचपट मोठी केलेली. त्या मोठ्या प्रतीत 2400 ची भिंत 12000 ची होते आणि डायमेन्शनचा DIMLFAC 0.2 करून आकडा मारूनमुटकून बरोबर आणावा लागतो. पुढे एक दार 300 ने सरकलं की ते तीन ठिकाणी सरकवायचं. एका ठिकाणी राहून गेलं, तर साइटवर विजेच्या शीटवरून काम करणारा माणूस स्विचबोर्ड दाराच्या मागे बसवतो. लेआउट वापरण्याचं मला सगळ्यात मोठं वाटणारं कारण हेच आहे, छान दिसणारी शीट हा त्यानंतरचा फायदा.

स्केल कधी आणि कसं बिघडतं

व्ह्यूपोर्टमध्ये डबल क्लिक केलं की खिडकीची चौकट जाड होते आणि तुम्ही आतल्या मॉडेलमध्ये जाता. अशा वेळी माउसचं चाक फिरवलं तर ऑटोकॅड आतलं चित्र लहान-मोठं करतं, म्हणजेच व्ह्यूपोर्टचं स्केल बदलतं. चाक दाबून ओढलं तर पॅन होतो आणि स्केल शाबूत राहतं. पण दाबताना बोटाखाली चाक एक खाच जरी फिरलं तरी स्केल गेलं. दोन दिवसांनी तुम्हाला बदललेलं स्केल दिसतं ते यामुळे. कुणीतरी, बहुधा तुम्हीच, आत शिरून काहीतरी दुरुस्त करताना झूम केलेलं असतं.

मोठा बदल झाला तर तो लगेच दिसतो. घात करतो तो लहान बदल. समजा 1:100 चं 1:108 झालं. 18000 ची भिंत कागदावर 180 ऐवजी 166.7 मिलिमीटर येते. चौकट तीच, प्लॅन जवळपास तिथेच, डायमेन्शनचे आकडे सगळे बरोबर, कारण ते मॉडेलमधलं अंतर वाचतात. टायटल ब्लॉकमध्ये 1:100 लिहिलेलंच आहे. स्केलपट्टी लावणाऱ्याला मात्र 16.67 मीटर मिळतात. नुसत्या डोळ्यांनी हे शीट तपासणाऱ्याला काहीही चुकीचं वाटणार नाही.

दुसरं नुकसान पेपर स्पेसमध्ये लिहिलेल्या गोष्टींचं होतं. खिडकीच्या वर कागदावर टाकलेल्या टिपा, बाण, ग्रिडचे गोल यांचा आतल्या मॉडेलशी संबंध नसतो. आतलं चित्र हललं की बाण हवेत राहतात. पेपर स्पेसमध्ये काढलेल्या असोसिएटिव्ह डायमेन्शनचं थोडं वेगळं आहे. DIMASSOC 2 असेल तर त्या मॉडेलच्या बिंदूंना जोडलेल्या असतात, पण चाकाने झूम किंवा पॅन केल्यावर आपसूक जागेवर येत नाहीत, DIMREGEN द्यावं लागतं. ते दिलं नाही तर डायमेन्शनच्या रेषा भिंतीच्या बाजूला लटकतात.

आता बरोबर क्रम. व्ह्यूपोर्टची चौकट निवडा, Properties पॅलेटमध्ये Standard scale ला 1:100 द्या. मग आत जाऊन PAN कमांड टाइप करूनच चित्र मध्यावर आणा, चाकाला हात लावू नका. बाहेर या, चौकट पुन्हा निवडा, Standard scale अजून 1:100 आहे ना ते वाचा. तिथे Custom दिसलं तर स्केल गेलेलं आहे. ठीक असेल तर Display locked ला Yes करा. खालच्या पट्टीवरच्या कुलपाच्या चिन्हानेही हेच होतं. लॉक करण्याआधी स्केल वाचण्यावर मी एवढा भर देतोय कारण लॉक स्केल बरोबर आहे की नाही हे पाहत नाही. 1:108 लासुद्धा ते तितक्याच इमानाने कुलूप लावतं.

कमांडने स्केल द्यायचं असेल तर व्ह्यूपोर्टच्या आत जाऊन ही द्या:

```
ZOOM
1/100XP
```

XP विसरलात तर आकड्याचा अर्थ पूर्ण वेगळा होतो आणि चित्र भलतंच दिसतं. मॉडेल मीटरमध्ये आणि कागद मिलिमीटरमध्ये असेल तर 1:100 साठी 10XP लागतं, कारण 1 मीटर कागदावर 10 मिलिमीटर यायला हवा. तेव्हा Standard scale च्या यादीतलं 1:100 निवडलं तर प्लॅन हजारपट लहान होऊन ठिपका दिसतो. खिडकी रिकामी दिसतेय अशी तक्रार असेल तर आधी युनिट तपासा.

लेआउटमधले सगळे व्ह्यूपोर्ट एकदम लॉक करायला:

```
MVIEW
L
ON
ALL
```

शेवटी एंटर. हे चालू लेआउटपुरतंच लागू होतं, पुढच्या लेआउटवर पुन्हा द्यावं लागतं.

लॉक केल्यावर कामात अडथळा येईल अशी भीती असते, ती अनाठायी आहे. लॉक केलेल्या व्ह्यूपोर्टच्या आत असताना चाक फिरवलं की आतलं चित्र न बदलता अख्खा कागदच जवळ-दूर होतो. म्हणजे आत राहून तुम्ही हवं तेवढं जवळ जाऊन भिंत दुरुस्त करू शकता आणि खिडकीतलं स्केल तसंच राहतं. कागदासकट झूम होणं गैरसोयीचं वाटलं तर VPMAX द्या. ती खिडकी पूर्ण पडदाभर होते, तिथे मनासारखं झूम करा आणि VPMIN देऊन परत या, चित्र होतं तिथेच सापडतं.

लॉक काय अडवत नाही, हेही माहीत हवं. चौकट सरकवणं, ताणणं किंवा पुसणं लॉकने थांबत नाही, आणि आतल्या वस्तू बदलणं तर मुळीच नाही. चौकटींसाठी वेगळा लेअर ठेवा, त्याचं प्लॉट बंद करा म्हणजे चौकट छापली जाणार नाही, आणि शीट लावून झाल्यावर तो लेअरही लॉक करा. मग चौकट चुकून पुसलीही जात नाही.

आणि एक गोष्ट लॉकच्या पूर्ण बाहेरची. पेज सेटअपमध्ये प्लॉट स्केल 1:1 असायला हवं. तिथे Fit to paper ची खूण राहिली असेल तर व्ह्यूपोर्ट कितीही नीट लॉक केलेला असो, छपाईच्या वेळी अख्खं शीट थोडं आक्रसतं आणि सगळीच स्केलं एकदम चुकतात. छापून आल्यावर कागदावर एक ज्ञात लांबी पट्टीने मोजा. आपल्या शीटवर 18 मीटरची भिंत 180 मिलिमीटर यायलाच हवी.

एकच प्लॅन, दोन शीटं: VP Freeze

आता विजेचा प्लॅन. दुसरा व्ह्यूपोर्ट नव्याने काढू नका, पहिलाच COPY करा. प्रतीत स्केल, आतल्या चित्राची जागा आणि लेअरची अवस्था सगळं तसंच येतं. दोन्ही प्लॅन एका रेषेत बसतात, ग्रिड जुळतात आणि हाताने जुळवत बसावं लागत नाही. प्रतीच्या Properties मध्ये Display locked काय आहे तेवढं पाहून घ्या.

लेअर असे आहेत असं धरू: भिंती A-WALL, दारं A-DOOR, फर्निचर A-FURN, 1:100 ची डायमेन्शन A-DIMS-100, दिवे E-LITE, प्लग पॉइंट E-POWR. डाव्या खिडकीत E ने सुरू होणारे लेअर नकोत. उजव्या खिडकीत फर्निचर आणि आर्किटेक्चरची डायमेन्शन नकोत.

लेअर मॅनेजरमध्ये दोन वेगवेगळे रकाने आहेत आणि तुमची गल्लत तिथेच होतेय. Freeze हा रकाना मॉडेलचा आहे. तो लेअर सगळ्या ड्रॉइंगमधून, सगळ्या लेआउटमधून, सगळ्या खिडक्यांतून जातो. VP Freeze हा रकाना फक्त चालू व्ह्यूपोर्टचा आहे. लेआउटमध्ये उजव्या खिडकीत डबल क्लिक करून आत जा, मग LAYER उघडा आणि A-FURN समोरचं VP Freeze दाबा. त्या एका खिडकीतून फर्निचर जातं, डावीकडे आणि मॉडेलमध्ये ते जसंच्या तसं राहतं. दाबण्याआधी चौकट जाड झाली आहे ना ते पाहा. आत न जाता कागदावर असताना खूण केली, तर ती तुम्हाला हव्या त्या खिडकीला लागणार नाही.

लेअर बरेच असतील तर VPLAYER पटकन होतं. ही कमांड विजेचे सगळे लेअर निवडलेल्या खिडकीतून फ्रीझ करते:

```
VPLAYER
F
E-*
S
```

मग डाव्या खिडकीची चौकट निवडा आणि दोनदा एंटर. नावांना सुरुवातीचं अक्षर शिस्तीने दिलेलं असेल तर एका तारांकनात काम होतं. लेअरला Layer1, Layer2 अशी नावं असली तर हीच गोष्ट अर्धा तास खाते, म्हणून नावांची पद्धत शीट लावायच्या आधीच ठरलेली बरी.

दोन रकान्यांमधला अधिकार एकाच दिशेने चालतो. मॉडेलमध्ये फ्रीझ किंवा ऑफ केलेला लेअर कोणत्याही खिडकीत VP Freeze काढून परत आणता येत नाही. खिडकी फक्त कमी दाखवू शकते. मॉडेलमध्ये काम करताना अडचण होते म्हणून A-FURN फ्रीझ केला आणि तसाच सेव्ह केला, तर सगळ्या शीटवरून फर्निचर गेलेलं असतं आणि VP Freeze चा रकाना निर्दोष दिसतो. म्हणून छपाईआधी लेअर मॅनेजरमध्ये Freeze आणि On हे दोनच रकाने एकदा वरपासून खालपर्यंत पाहावेत. जे शीटवर कुठेही हवं आहे ते तिथे चालूच पाहिजे.

याहून मोठी चूक म्हणजे नको असलेली वस्तू खिडकीच्या आत जाऊन पुसणं. डाव्या प्लॅनमध्ये दिवे नकोत म्हणून ते निवडून डिलीट केले तर ते मॉडेलमधून गेले, उजव्या प्लॅनमधूनही गेले. खिडकीच्या आत केलेलं प्रत्येक संपादन सगळीकडे लागू होतं.

ब्लॉकच्या बाबतीत एक फसवी जागा आहे. दाराचा ब्लॉक टाकताना चालू लेअर चुकून E-LITE असेल, तर त्या ब्लॉकच्या आतल्या रेषा A-DOOR वर असल्या तरी E-LITE फ्रीझ केल्यावर अख्खं दार नाहीसं होतं. फ्रीझ हा ब्लॉक ज्या लेअरवर टाकला आहे त्यालाही मानतो. डाव्या प्लॅनमध्ये एकच दार दिसत नसेल आणि बाकीची दिसत असतील, तर मॉडेलमध्ये तो ब्लॉक निवडून त्याचा लेअर पाहा.

टॉयलेटचा डिटेल: इथे दोन्ही गोष्टी एकत्र येतात

तिसरी खिडकी 1:20 ची. मॉडेलमध्ये अक्षरांची उंची कागदावरच्या उंचीला स्केलने गुणून येते. कागदावर 2.5 मिलिमीटरचं अक्षर हवं असेल तर 1:100 साठी मॉडेलमध्ये 250 आणि 1:20 साठी 50. टॉयलेट तेच, पण त्याच्यावर आता दोन जातींची डायमेन्शन आहेत. 1:100 ची A-DIMS-100 वर आणि 1:20 ची नव्या A-DIMS-20 वर.

काहीच फ्रीझ केलं नाही तर काय दिसेल? डिटेलच्या खिडकीत 250 उंचीचं अक्षर 12.5 मिलिमीटरचं येतं आणि टाइल्सचा तपशील झाकून टाकतं. उलट मोठ्या प्लॅनमध्ये 50 उंचीचं अक्षर अर्ध्या मिलिमीटरचं येतं, छापल्यावर टॉयलेटमध्ये काळा डाग पडल्यासारखं दिसतं. तेव्हा A-DIMS-100 डिटेलच्या खिडकीतून फ्रीझ करायचा आणि A-DIMS-20 दोन्ही प्लॅनमधून. आणि हे गणित स्केल स्थिर आहे या भरवशावर उभं आहे. खिडकी 1:108 ला सरकली की 250 चं अक्षर 2.5 ऐवजी 2.3 चं होतं, शेजारच्या खिडकीशी जुळत नाही.

नवा लेअर तयार केला की तो आधीच्या सगळ्या खिडक्यांमध्ये दिसायला लागतो, हे इथे नडतं. डिटेलसाठी A-DIMS-20 केला आणि त्या दोन प्लॅनमधून फ्रीझ करायचं राहिलं, तर तिकडे काळे डाग पडतात आणि तुम्ही काम करत असता डिटेलमध्ये, म्हणून लक्षात येत नाही. त्यासाठी लेअर मॅनेजरमध्ये New Layer VP Frozen in All Viewports असं वेगळं बटण आहे. त्याने केलेला लेअर सगळ्या खिडक्यांतून फ्रीझ होऊनच जन्मतो. मग फक्त डिटेलच्या खिडकीत जाऊन VP Freeze काढा. आधीच केलेल्या लेअरसाठी LAYVPI आहे. डिटेलच्या खिडकीत राहून एका डायमेन्शनवर क्लिक केलं की तो लेअर बाकी खिडक्यांतून फ्रीझ होतो. उद्या शीटवर चौथी खिडकी आली तर तिच्यासाठी New VP Freeze चा रकाना वेगळा आहे. एकाच खिडकीपुरत्या लेअरसाठी तोही लावून ठेवा.

अ‍ॅनोटेटिव्ह टेक्स्ट आणि डायमेन्शन वापरली तर अक्षरांची उंची आपोआप सांभाळली जाते आणि दोन लेअर लागत नाहीत. पण मग प्रत्येक वस्तूला कोणतं स्केल दिलं आहे ते सांभाळावं लागतं, आणि खिडकीचं अ‍ॅनोटेशन स्केल तिच्या खऱ्या स्केलशी जुळत नसेल तर अक्षरं चुकीच्या उंचीची येतात किंवा दिसतच नाहीत. दोन-तीन स्केलांच्या शीटसाठी मला वेगळे लेअर सोपे वाटतात, कारण काय का दिसत नाही हे एका रकान्यात वाचता येतं. स्केलं पाच-सहा झाली की अ‍ॅनोटेटिव्ह परवडतं.

तुटक रेषा तिन्ही खिडक्यांत सारख्या दिसाव्यात म्हणून PSLTSCALE 1 ठेवा, LTSCALE 1 ठेवा आणि REGENALL द्या. नाहीतर 1:20 मध्ये नीट तुटक दिसणारी रेषा 1:100 मध्ये सलग दिसते.

एखाद्या खिडकीवर शंका आली तर चौकट निवडून LIST द्या. त्यात Scale relative to Paper space पुढे 0.01xp असं काहीतरी दिसतं, ते 1:100. 1:20 ला 0.05. त्याच यादीत त्या खिडकीत फ्रीझ असलेल्या लेअरची नावंही येतात, म्हणजे दोन्ही तपासण्या एका कमांडमध्ये होतात. स्केल बिघडलेलं सापडलं आणि त्यानंतर फारसं काम झालेलं नसेल तर U देत मागे जा. दिवस उलटले असतील तर लॉक काढून Standard scale पुन्हा द्या. पण त्याने फक्त स्केल परत येतं, चित्राची जुनी जागा नाही. शेजारी त्याच प्लॅनची ठीक असलेली खिडकी असेल तर बिघडलेली पुसून तिचीच प्रत करा आणि लेअर पुन्हा लावा, ते जागा शोधत बसण्यापेक्षा लवकर होतं. तशी खिडकी नसेल तर MVSETUP मधल्या Align ने दोन खिडक्या आडव्या किंवा उभ्या रेषेत आणता येतात. त्यानंतर LIST ने स्केल पुन्हा वाचा, कागदावरच्या टिपांचे बाण योग्य जागी टेकतात ना ते पाहा आणि मगच लॉक करा.